चालणारा लॅपटॉप, बंद सेटअप : दुकानदाराला लिहायचे एक पत्र

बिघडलेल्या लॅपटॉपची तक्रार करणे सोपे असते. पडदा काळा पडला, बटणे दाबली जात नाहीत, बॅटरी अर्ध्या तासात संपते, यातले काहीही दुकानाच्या टेबलावर दाखवता येते. पण लॅपटॉप व्यवस्थित सुरू होतो, विंडोज उघडते, इंटरनेट चालते आणि तरीही तो पूर्णपणे आपल्या ताब्यात आलेला नाही, ही गोष्ट दुकानदाराला पटवणे कठीण जाते. फर्मवेअरचा पासवर्ड कुणा जुन्या मालकाने लावलेला असतो. तो दुकानदाराला ठाऊक नसतो आणि ग्राहकाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नसतो. तोंडी बोलणी "चालतोय की व्यवस्थित!" या उत्तरापाशी थांबतात. अशा वेळी लेखी तक्रार करावी लागते. तिच्यात काय लिहावे, कोणत्या क्रमाने लिहावे आणि काय मुळीच लिहू नये, हे या प्रकरणात एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण असे : कोल्हापूरची अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी पुण्यातल्या एका दुकानातून लेनोवो थिंकपॅड टी480 हा रिफर्बिश्ड लॅपटॉप 22,500 रुपयांना घेते. बिलाची तारीख 8 जून 2025, वॉरंटी सहा महिन्यांची. दहा दिवसांनी तिला अँड्रॉइड अ‍ॅप तपासण्यासाठी संगणकातच आभासी फोन चालवायचा असतो. त्यासाठी लागणारी व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद आहे, असे विंडोजचा टास्क मॅनेजर दाखवतो. ही सोय विंडोजमधून सुरू करता येत नाही, फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जावे लागते. ती लॅपटॉप पुन्हा सुरू करून F1 दाबते आणि समोर पासवर्डची चौकट येते.

हे कुलूप नेमके कुठे असते

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला असतो. त्यालाच आपण बायोस किंवा फर्मवेअर म्हणतो. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू द्यायची की नाही, कॅमेरा आणि यूएसबी चालू ठेवायचे की बंद, हे तो ठरवतो. थिंकपॅडमध्ये या सेटअपला लावायच्या पासवर्डला Supervisor Password म्हणतात. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपना तो मुद्दाम लावतात, म्हणजे कुणी पेनड्राइव्ह लावून कंपनीची माहिती काढून नेऊ नये. तीन-चार वर्षांनी हे लॅपटॉप लॉटने विकले जातात. विकण्यापूर्वी पासवर्ड काढून टाकणे हे त्या कंपनीच्या आयटी विभागाचे काम असते, आणि तो निघाला आहे का हे पाहणे लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याचे. दोघांनीही ते केले नाही की कुलूप ग्राहकाच्या गळ्यात येते.

हा पासवर्ड विंडोजच्या पासवर्डसारखा नसतो. विंडोज पुसून नव्याने टाकले, नवी एसएसडी बसवली, तरी तो जागचा हलत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून ठेवला की बायोसचा पासवर्ड पुसला जायचा, म्हणून तोच उपाय लोक इथेही सुचवतात. थिंकपॅडमध्ये Supervisor Password वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत असतो, त्यामुळे सेल काढून उपयोग होत नाही. उलट सेल काढल्याने तारीख-वेळ पुसली जाते आणि ती नीट करण्यासाठी यंत्र सेटअपकडेच पाठवते, म्हणजे पुन्हा त्याच चौकटीपाशी.

लेनोवोची अधिकृत भूमिका तक्रारीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. थिंकपॅडच्या माहितीपुस्तिकेत म्हटले आहे की Supervisor Password विसरल्यास तो काढून टाकण्याची कोणतीही सेवा नाही, मदरबोर्ड बदलावा लागतो, त्यासाठी खरेदीचा पुरावा दाखवावा लागतो आणि पैसे पडतात. इतर काही उत्पादक मालकी सिद्ध केल्यावर पासवर्ड उघडून देतात, पण तिथेही उत्पादकाच्या नोंदीतला मालक कोण, हा प्रश्न येतोच. ग्राहकाकडे असते ते दुकानाचे बिल. मूळ कंपनीपासून दुकानापर्यंतची कागदपत्रे असलीच तर ती दुकानदाराकडे असतात. म्हणून "सर्व्हिस सेंटरला घेऊन जा" हे उत्तर वाजवी वाटले तरी जबाबदारी चुकीच्या माणसावर ढकलते.

विंडोज चालत असताना नुकसान कोणते

घर आपल्या नावावर झाले, पण वीजमीटरच्या खोलीची किल्ली जुन्या भाडेकरूकडेच राहिली, तर दिवे लागतात तोवर काही बिघडत नाही. फर्मवेअर पासवर्डचे असेच आहे. अडचण येते ती काही बदलायची वेळ आली की. काही यंत्रांत त्या चौकटीवर नुसते Enter दाबून आत डोकावता येते, पण Lock UEFI BIOS Settings हा पर्याय चालू असेल तर एकही गोष्ट बदलता येत नाही. व्हर्च्युअलायझेशन सुरू करता येत नाही, सिक्युअर बूट बंद करता येत नाही. बूटचा क्रम बांधून ठेवलेला असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकता येत नाही, किंवा विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीही करता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. 2018 च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा त्यांवरच्या उपायांचा काही भाग फर्मवेअर अपडेटमधून द्यावा लागला. टी480 त्याच वर्षी बाजारात आलेला आहे. सेटअपमध्ये वापरणाऱ्याला फर्मवेअर अपडेट करू देण्याचा पर्याय बंद ठेवलेला असेल, तर असे अपडेटही पासवर्डाशिवाय बसत नाही. म्हणजे लॅपटॉप आज चालतो, पण त्याची देखभाल करण्याचा अधिकार ग्राहकाला मिळालेलाच नसतो. पत्रात हा मुद्दा ठळकपणे यायला हवा, कारण "चालतोय" या उत्तराला तोच जबाब आहे.

पत्राआधी पुरावा

पहिली गोष्ट : पासवर्डचा अंदाज करत बसू नका. थिंकपॅडमध्ये चुकीचा पासवर्ड तीनपेक्षा जास्त वेळा टाकला की 0199 या क्रमांकाची चूक पडद्यावर येते, प्रयत्नांची मर्यादा ओलांडल्याची. त्यानंतर यंत्र अधिकच अडून बसू शकते आणि "तुम्हीच काहीतरी करून ठेवलंत" असे म्हणायला दुकानदाराला निमित्त मिळते. पासवर्ड आहे हे सिद्ध करायला तो टाकून पाहण्याची गरजच नाही. लेनोवोच्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये विंडोजमधूनच ते विचारता येते. पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून या तीन ओळी चालवाव्यात :

```
(Get-CimInstance -Namespace root\wmi -ClassName Lenovo_BiosPasswordSettings).PasswordState
(Get-CimInstance Win32_BIOS).SerialNumber
(Get-CimInstance Win32_SystemEnclosure).SMBIOSAssetTag
```

पहिल्या ओळीचे उत्तर 0 आले तर कोणताही पासवर्ड लावलेला नाही. 2 आले तर फक्त Supervisor Password लावलेला आहे. 3 म्हणजे त्याच्या जोडीला यंत्र सुरू करण्याचाही पासवर्ड आहे. आपल्या विद्यार्थिनीला उत्तर येते 2. दुसऱ्या ओळीने सिरियल नंबर कळतो. तो लॅपटॉपच्या तळावरच्या लेबलशी आणि बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. तीन ठिकाणी एकच नंबर असला की "हे आमच्याकडचं यंत्रच नाही" हा वाद उरत नाही. तो जुळत नसेल तर मदरबोर्ड किंवा तळाचे झाकण दुसऱ्या यंत्राचे असण्याची शक्यता आहे, आणि ते पत्रात वेगळे नोंदवावे.

तिसरी ओळ अनेकदा दुर्लक्षित राहते. मोठ्या कंपन्या प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरमध्ये आपला मालमत्ता क्रमांक भरून ठेवतात. तो भरलेला नसेल तर थिंकपॅड No Asset Information असे दाखवतो. आपल्या उदाहरणात तिथे एक क्रमांक दिसतो, एखाद्या कार्यालयाच्या सामानाच्या नोंदवहीतला असावा असा. यावरून पासवर्ड कुणी लावला हे सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. फर्मवेअर पासवर्ड लावल्याची तारीख ग्राहकाला दिसेल अशी कुठेही राहत नाही. पण पासवर्ड लावायची सवय असलेल्या कुणा संस्थेकडे हे यंत्र होते आणि तिच्या खुणा पुसल्याविना ते विकले गेले, एवढे यातून दिसते. पासवर्ड विक्रीपूर्वीचा आहे याला त्याने बळ मिळते.

सर्वांत मोठे बळ मात्र तारखांचे असते. पासवर्ड दिसला त्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह कळवावे. खरेदीनंतर दहाव्या दिवशी विचारलेला प्रश्न सहाव्या महिन्यात विचारलेल्या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त विश्वासार्ह ठरतो. यंत्र सुरू करण्यापासून F1 दाबून चौकट येईपर्यंतचे न थांबवता केलेले एक चित्रीकरण ठेवावे आणि त्याची सुरुवात तळावरच्या सिरियल नंबरपासून करावी.

पत्र

आता पत्र. ते दोन वाचकांसाठी लिहायचे असते. पहिला वाचक दुकानदार, ज्याला तांत्रिक बाब कळते पण मान्य करायची नसते. दुसरा वाचक पुढे कधीतरी ग्राहक आयोगात ते हाती घेणारा, ज्याने थिंकपॅडचा सेटअप कदाचित कधी उघडलेला नसेल. म्हणून वाक्ये साधी हवीत आणि प्रत्येक विधानाला तारीख, नंबर किंवा कागद जोडलेला हवा.

दिनांक : 23 जून 2025

प्रति,
मालक / व्यवस्थापक,
(बिलावर छापलेले दुकानाचे पूर्ण नाव व पत्ता), पुणे

विषय : विकलेल्या लॅपटॉपवर आधीच्या मालकाचा फर्मवेअर पासवर्ड असल्याबाबत, दोष दूर करून, बदली लॅपटॉप देऊन किंवा रक्कम परत करून तक्रार निकाली काढण्याबाबत.

संदर्भ : बिल क्रमांक (---), दि. 8 जून 2025. लेनोवो थिंकपॅड टी480, सिरियल नंबर (---). रक्कम 22,500 रुपये, यूपीआयद्वारे अदा.

महोदय,

1. वरील लॅपटॉप मी माझ्या शिक्षणासाठी आपल्याकडून विकत घेतला. आपण 6 जून रोजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या माहितीत तो "पूर्ण तपासलेला, वापरायला तयार" असल्याचे आणि सहा महिन्यांची वॉरंटी असल्याचे म्हटले होते.

2. 18 जून रोजी F1 दाबून सेटअप उघडताना त्यावर Supervisor Password असल्याचे मला आढळले. मी हा पासवर्ड लावलेला नाही आणि मला तो माहीत नाही. मी तो अंदाजाने टाकून पाहिलेला नाही. त्याच दिवशी मी आपल्याला फोटोसह कळवले.

3. 21 जून रोजी मी दुकानात येऊन लॅपटॉप दाखवला. आपल्या कर्मचाऱ्यांनीही पासवर्डची चौकट पाहिली. त्यांना पासवर्ड सांगता आला नाही.

4. या पासवर्डामुळे यंत्राची मूलभूत मांडणी बदलणे, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे आणि व्हर्च्युअलायझेशन सुरू करणे मला शक्य नाही. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेनुसार हा पासवर्ड काढण्याची सेवा उपलब्ध नाही, त्यासाठी मदरबोर्ड बदलावा लागतो. म्हणजेच लॅपटॉप चालत असला तरी त्याची देखभाल करण्याचा अधिकार मला मिळालेला नाही, आणि हा दोष मला स्वतः दूर करता येण्यासारखा नाही.

5. विक्रीच्या वेळी या पासवर्डाची कोणतीही कल्पना मला देण्यात आली नव्हती. आपण केलेल्या वर्णनाशी हे यंत्र जुळत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(10) नुसार हा वस्तूतील दोष आहे.

6. म्हणून हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपण पुढीलपैकी एक करावे, ही विनंती :
(अ) पासवर्ड अधिकृत मार्गाने काढून, यंत्राचा सिरियल नंबर न बदलता, किंवा उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातून मदरबोर्ड बदलून, त्याच्या कागदपत्रांसह लॅपटॉप परत द्यावा. त्याचा खर्च आपण करावा.
(आ) त्याच किंवा अधिक चांगल्या क्षमतेचा, फर्मवेअर पासवर्ड नसलेला लॅपटॉप द्यावा. तो मी दुकानातच तपासून घेईन.
(इ) लॅपटॉप परत घेऊन 22,500 रुपये परत करावेत.

7. तसेच हा लॅपटॉप आपण कोणाकडून घेतला याच्या खरेदी कागदाची प्रत मला द्यावी, जेणेकरून मालकी योग्य रीतीने हस्तांतरित झाल्याची खात्री होईल.

8. मुदतीत तक्रार निकाली न निघाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. त्या वेळी प्रवासखर्च आणि नुकसानभरपाईचीही मागणी करेन.

सोबत : बिलाची प्रत, यूपीआय पावती, व्हॉट्सअ‍ॅप संभाषणाच्या प्रती, सेटअप व पॉवरशेलच्या पडद्यांचे फोटो, माहितीपुस्तिकेतील संबंधित पान.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

प्रत्येक वाक्य तिथे का आहे

पहिल्या परिच्छेदातले "शिक्षणासाठी" हे शब्द सहज आलेले नाहीत. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सूट आहे. म्हणून वापर कशासाठी हे आरंभीच सांगावे. कुणी कर सवलतीसाठी बिल फर्मच्या नावे घेतले असेल, तर दुकानदाराचा वकील पहिला आक्षेप इथेच घेतो.

त्याच परिच्छेदात दुकानदाराचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. कायद्यातली दोषाची व्याख्या केवळ सरकारी मानकांपुरती नाही. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणीव असली तरी तो दोष ठरतो. जुन्या वस्तूत थोडीफार झीज असणारच, हे ग्राहकाने स्वीकारलेले असते. "पूर्ण तपासलेला" या शब्दांत मात्र सेटअप उघडतो की नाही, एवढे तरी यायलाच हवे. ही जाहिरात किंवा संदेश पुसला जाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवणे म्हणजे अर्धे प्रकरण हाती असणे.

सहाव्या परिच्छेदात "पासवर्ड सांगा" अशी मागणी नाही, हे लक्षात घ्या. अनेकजण तेवढेच मागतात आणि दुकानदार "आम्हालाही माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. मागणी पासवर्डची नसावी, दोषमुक्त यंत्राची असावी. ते कसे द्यायचे हे दुकानदाराने ठरवावे.

"अधिकृत मार्गाने" ही अटही मुद्दाम आहे. बाजारात चिप फ्लॅश करून पासवर्ड उडवून देणारे कारागीर आहेत आणि दुकानदार बहुधा तोच मार्ग सुचवतो, कारण तो स्वस्त पडतो. त्यात फर्मवेअरच्या चिपमधला मजकूरच बदलला जातो. नंतर त्या चिपमध्ये नेमके काय आहे याची हमी कुणीच देऊ शकत नाही, सिरियल नंबर पुसला जाऊ शकतो आणि पुढच्या अपडेटच्या वेळी यंत्र बंद पडले तर उत्पादक हात वर करतो. हा उपाय स्वीकारायचाच असेल तर काय केले, कोणी केले आणि वॉरंटी किती, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे.

सातवा परिच्छेद नाजूक आहे. पासवर्ड असलेले यंत्र चोरीचे असू शकते, तसेच ते एखाद्या कंपनीने रीतसर विकलेले, पण पासवर्ड काढायला विसरलेले असू शकते. दुसरी शक्यता साधी आणि नेहमीची आहे. म्हणून पत्रात "चोरीचा माल" असे लिहू नये. पुराव्याविना केलेला तो आरोप तुमच्यावरच उलटतो आणि सरळ ग्राहक तक्रार फौजदारी वादात अडकते. नुसता खरेदीचा कागद मागितला की पुरते. रीतसर लॉट घेणारा व्यापारी तो दाखवू शकतो. त्याने नकार दिला आणि यंत्रावर ठरावीक कंपनीची खूणही असेल, तर त्या कंपनीच्या आयटी विभागाला सिरियल नंबर कळवून विचारावे. यंत्र त्यांनी विकलेले असेल तर पासवर्ड त्यांच्याकडूनच निघण्याची शक्यता असते. चोरीला गेलेले असेल तर ते वापरत न राहता पोलिसांकडे जाणेच योग्य, कारण माहीत झाल्यावरही चोरीची वस्तू ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा ठरू शकतो.

आठव्या परिच्छेदात कोल्हापूरचे नाव आहे, पुण्याचे नाही. 2019 च्या कायद्याने केलेली ही मोठी सोय आहे. हा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 34 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. दुसऱ्या गावच्या दुकानदाराला हे कळले की बोलण्याचा सूर बदलतो.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही"

हे वाक्य बिलाच्या तळाशी छापलेले असते आणि बहुतेक ग्राहक तिथेच माघार घेतात. मन बदलले म्हणून वस्तू परत करायची असेल तर त्या वाक्याला अर्थ आहे. सदोष वस्तूबाबत कायदा वेगळे सांगतो. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपल्या उदाहरणात खरेदी 8 जूनची आणि पत्र 23 जूनचे, म्हणजे पत्र या मुदतीच्या आत आहे. पासवर्ड दिसल्यावर "बघू, करतो" या आश्वासनांवर महिना घालवू नये, ते यासाठीच. बिलच दिले नसेल तर ते न देणे हीदेखील त्याच कलमाखालची अनुचित प्रथा आहे. अशा वेळी यूपीआयची नोंद आणि संभाषण हेच खरेदीचे पुरावे ठरतात.

पत्र स्पीड पोस्टने पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे आणि त्याचीच प्रत ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावी. दुकानदाराने यंत्र तपासायला मागितले तर आधी आपली माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, त्यातल्या आपल्या सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि जमा पावती घ्यावी. त्या पावतीवर सिरियल नंबर आणि "सेटअपवर पासवर्ड आहे" एवढे शब्द असलेच पाहिजेत. दुकानदाराची सही असलेली ही एक ओळ पुढच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा वजनदार ठरते, कारण दोष त्याने स्वतः पाहिल्याचा तो लेखी पुरावा असतो.

15 दिवसांत काही झाले नाही तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन दुकानदाराशी संपर्क साधते, पण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. आदेश मिळतो तो जिल्हा आयोगाकडून. तिथे 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. गरज वाटल्यास यंत्र तपासणीसाठी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत सांगितली आहे. प्रत्यक्षात जास्त काळ लागू शकतो, म्हणून भरपाईचा आकडा फुगवून लढाई लांबवण्यापेक्षा बिलाची रक्कम, तिकिटांसह प्रवासखर्च आणि माफक भरपाई मागणे शहाणपणाचे.

या पत्राची एक मर्यादाही आहे. पासवर्ड खरेदीनंतर बऱ्याच महिन्यांनी लक्षात आला, मधल्या काळात लॅपटॉप आणखी कुणी वापरला किंवा स्थानिक कारागिराने उघडला, तर पासवर्ड विक्रीपूर्वीचा आहे हे पटवणे अवघड होते. हा दोष शोधायला खरेदीच्या वेळी मिनिटभर पुरतो, नंतर तो सिद्ध करायला मात्र महिने जातात. म्हणून रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी दुकानातच तो बंद करून पुन्हा सुरू करा आणि सेटअप उघडा. थिंकपॅडला F1, डेलला F2, एचपीला F10. आत जाऊन एखादी साधी मांडणी बदलून, जतन करून पाहा आणि बिलावर दुकानदाराकडून लिहून घ्या : "सेटअपवर कोणताही पासवर्ड नाही." जो हे लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नका.